पिशवी काढली, मग शेक कशाला? – गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ६३ वर्षांच्या, निफाड तालुक्यातल्या एका गावच्या. घरची द्राक्षबाग. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून इथेही मावशीच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय निर्णय मात्र जसे झाले तसेच दिले आहेत.

वजन ८४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. दहा वर्षांपासून मधुमेह, शिवाय बीपीची गोळी. पाळी ५४ व्या वर्षी गेली होती, म्हणजे नेहमीपेक्षा थोडी उशिरा. वजन, मधुमेह आणि उशिरा गेलेली पाळी, या तिन्ही गोष्टींचा या आजाराशी संबंध आहे. पाळी गेल्यावर बीजकोशांतलं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं, पण शरीरातली चरबी ते बनवत राहते. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेलं नसतं. मग अस्तर वर्षानुवर्षं वाढत राहतं आणि त्यातल्या काही जणींच्या पेशी कर्करोगाकडे झुकतात.

दिवाळीच्या सुमारास मावशींच्या अंगावरून थोडं लाल गेलं. बागेत डिपिंगची घाई होती, त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलं तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. गावाजवळच्या दवाखान्यात रक्त थांबवण्याच्या गोळ्या मिळाल्या. थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा गोळ्या. जानेवारीच्या अखेरीस सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या: गर्भाशयात ३ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आणि १७ मिलिमीटर जाडीचं अस्तर. सल्ला मिळाला की गाठ आहे, पिशवी काढून टाका.

अडचण

त्या रिपोर्टमधली गाठ सगळ्यांना दिसली, अस्तराकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पाळी गेल्यावर फायब्रॉइड सहसा आक्रसतात. त्या वयातल्या रक्तस्रावाचा दोष अस्तर तपासल्याशिवाय त्यांच्यावर टाकता येत नाही. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलं, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी असते. त्याहून जाड असेल तर तुकडा घेऊन तपासायलाच हवा. इथे ते १७ होतं.

मुलगा रिपोर्ट घेऊन नाशिकला आला तो ऑपरेशनची तारीख ठरवायला. म्हणाला, "ताई, पिशवी तर काढायचीच आहे. मग आधी तुकडा कशाला? एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

पहिला निर्णय: थेट पिशवी काढायची की आधी तुकडा?

मुलाचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, आणि बऱ्याच घरांत तसंच होतं. पण कर्करोग आहे हे माहीत नसताना पिशवी काढली तर तीन ठिकाणी गोची होते. पिशवी मोठी असेल तर ती बाहेर काढताना तुकडे केले जाऊ शकतात. मग कर्करोगाच्या पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो आणि रोग भिंतीत किती खोल गेला हे मोजताच येत नाही. बीजकोश किंवा गर्भाशयाचं तोंड तसंच ठेवलं जाऊ शकतं. आणि लसिकाग्रंथी कोणी पाहतच नाही. नंतर रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला की एक तर दुसरं ऑपरेशन करायचं, नाहीतर अर्धवट माहितीवर पुढचे उपचार ठरवायचे.

तुकडा घेणं हे तसं लहान काम. पिपेल नावाची साधारण ३ मिलिमीटर जाडीची नळी आत घालून अस्तर ओढून घेतात. ओपीडीतच होतं, भूल लागत नाही, पाळीसारखी कळ येते. पुरेसा नमुना मिळाला नाही किंवा निष्कर्ष शंकास्पद आला तर दुर्बिणीतून पाहून क्युरेटिंग करायचं, म्हणजे अस्तर खरवडून घ्यायचं. मावशींचा नमुना पुरेसा निघाला. रिपोर्ट: एंडोमेट्रिऑइड प्रकारचा कर्करोग, ग्रेड १.

ग्रेड म्हणजे कर्करोगाच्या पेशी मूळच्या अस्तराशी कितपत साधर्म्य ठेवून आहेत याचं माप. गाठीत अस्तराच्या ग्रंथींचा आकार न उरलेला, घट्ट भरलेला भाग ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्रेड १, ६ ते ५० टक्के असेल तर २ आणि त्याहून जास्त असेल तर ३. ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत कायम होते. "ग्रेड एक" ऐकून मुलाने घरी फोन लावला, "पहिल्या स्टेजला आहे." पण स्टेज अजून ठरायची होती. ती ठरते ऑपरेशननंतर, काढलेल्या पिशवीच्या तपासणीवर. शिवाय पिपेलला अस्तराचा थोडाच भाग हाती लागतो, त्यामुळे पूर्ण पिशवी तपासल्यावर ग्रेड बदलू शकतो. हे त्याला तेव्हाच सांगून ठेवलं.

ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या

एमआरआयमध्ये डाव्या कोपऱ्यात, बीजनलिका जिथे गर्भाशयाला मिळते तिथे, साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. भिंतीतला शिरकाव निम्म्याहून कमी, गर्भाशयाचं तोंड मोकळं, ग्रंथी वाढलेल्या नाहीत. छातीत काही नाही.

रेडिऑलॉजिस्टने तळाला एक ओळ लिहिली होती: कोपऱ्यातल्या गाठीमुळे खोलीचा अंदाज मर्यादित. अशा ओळी आपण वाचून सोडून देतो. पण त्या कोपऱ्यात स्नायूंची भिंत मुळातच पातळ असते. पाळी गेल्यावर ती आणखी पातळ होते आणि शेजारची फायब्रॉइड तिला वाकवते. पुढे जे झालं त्याचा इशारा या एका ओळीत होता.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, ९.१ होतं. ते सात-साडेसातवर येईपर्यंत थांबायचं, असं भूलतज्ज्ञांच्या मनात होतं. पण ते खाली यायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढे दिवस कर्करोग घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. इन्सुलिन सुरू करून रोजची साखर ताब्यात आणली आणि ऑपरेशन ठरलं. जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरीही त्याच दिवसांत झाली.

दुसरा निर्णय: कोणतं ऑपरेशन आणि ग्रंथींचं काय?

मूळ ऑपरेशनवर वाद नव्हता: गर्भाशय तोंडासकट, दोन्ही बीजनलिका आणि बीजकोश, सगळं अखंड बाहेर काढायचं. पोट उघडून करायचं की दुर्बिणीने, हा प्रश्न होता. अमेरिकेतल्या लॅप-टू चाचणीत अडीच हजारांहून अधिक बायकांमध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली. पाच वर्षांनंतर जिवंत राहण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास ९० टक्के, म्हणजे सारखंच. मधुमेह आणि जाड पोट असलेल्या बाईची मोठी जखम चिघळण्याची भीती असते, त्यामुळे दुर्बीण निवडली. अट एकच: पिशवीचे आत तुकडे करायचे नाहीत.

ग्रंथींबाबत तीन वाटा होत्या. ओटीपोटातल्या सगळ्या काढणं, काहीच न काढणं, किंवा फक्त प्रहरी ग्रंथी, म्हणजे रोग पसरलाच तर आधी जिथे पोचेल त्या, शोधून काढणं. सगळ्या काढल्याने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचं आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टेक चाचणीत दिसलं आहे. पायावर कायमची सूज येण्याचा धोका मात्र वाढतो. काहीच न काढलं तर स्टेज अंदाजावर राहते. म्हणून तिसरी वाट धरली. गर्भाशयाच्या तोंडात दोन बाजूंना हिरवा आयसीजी रंग टोचायचा आणि खास कॅमेऱ्याखाली चमकणारी पहिली ग्रंथी काढायची.

उजवीकडे दोन ग्रंथी छान चमकल्या. डावीकडे काहीच दिसेना. रंग पुन्हा टोचला, तरी नाही. वजन जास्त असलेल्या रुग्णांत असं होतं. आता डावी बाजू तशीच सोडायची की त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी काढायच्या? पिशवी योनीमार्गे अखंड बाहेर आल्याबरोबर ती फ्रोझन सेक्शनला पाठवली, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायला. पॅथॉलॉजिस्टचा निरोप आला: शिरकाव निम्म्याच्या पुढे दिसतोय. एमआरआयच्या उलट. रोग खोल असला की ग्रंथींमध्ये सापडण्याची शक्यता वाढते, त्यामुळे डाव्या ओटीपोटातल्या ग्रंथी काढल्या. फ्रोझनची सोय नसती तर सर्जनला ठोकताळ्यावर ठरवावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी मावशी घरी गेल्या.

अंतिम रिपोर्ट आणि अडलेला एक शब्द

रिपोर्ट असा होता. एंडोमेट्रिऑइड कर्करोग, ग्रेड २, घट्ट भाग सुमारे १५ टक्के. भिंतीची जाडी १७ मिलिमीटर, त्यात शिरकाव ११ मिलिमीटर, म्हणजे साधारण ६५ टक्के. गर्भाशयाचं तोंड, बीजकोश, नलिका मोकळ्या. उजवीकडच्या २ आणि डावीकडच्या ९ ग्रंथींत रोग नाही. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएमआर प्रथिनं शाबूत. पी५३ हे प्रथिन बिघडलं की रोग जास्त आक्रमक असतो, तेही सामान्य. आणि एक ओळ: एलव्हीएसआय आढळला.

शिरकाव भिंतीच्या निम्म्याच्या आत असेल तर स्टेज एक-ए, निम्मा किंवा जास्त असेल तर एक-बी. म्हणजे मावशींची एक-बी. पण एलव्हीएसआयची ओळ अडचणीची होती. याचा अर्थ गाठीबाहेरच्या बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी दिसल्या. एखाद-दुसऱ्या वाहिनीत दिसणं आणि पाच किंवा त्याहून जास्त वाहिन्यांत दिसणं, यात फार अंतर आहे. पहिल्याचा धोका फारसा वेगळा नसतो. दुसऱ्यात ओटीपोटात रोग परतण्याची शक्यता खूप वाढते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०२३ च्या वर्गीकरणात तर मोठ्या प्रमाणातला एलव्हीएसआय एवढ्यावरच स्टेज एक-बीची दोन-बी होते. नुसत्या "आढळला" या शब्दावरून यातलं काहीच कळत नव्हतं.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, एक मत असं पडलं की धोका कशाला घ्या, बाहेरून ओटीपोटाला पूर्ण शेक, म्हणजे रेडिएशन, द्या. याने काही बिघडत नाही असं वाटू शकतं, पण बिघडतं. पाच-साडेपाच आठवडे रोज निफाडहून नाशिक, आणि त्यासोबत जुलाब, लघवीची जळजळ. काहींना आतड्याचा त्रास वर्षानुवर्षं राहतो. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टनी आग्रह धरला की स्लाइड पुन्हा वाचल्याशिवाय ठरवायचं नाही. स्लाइड दुसऱ्या, या विषयातल्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे गेल्या. आठवड्याभराने उत्तर आलं: एका ब्लॉकमध्ये दोन वाहिन्या, म्हणजे मर्यादित. स्टेज एक-बी कायम. पूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचा आठवडा मला हाच वाटतो, आणि त्यात रुग्णाला एक सुईसुद्धा टोचावी लागली नाही.

तिसरा निर्णय: पुढे काय?

घरात दोन टोकाची मतं होती. मुलाचं म्हणणं, केमो का देत नाही? त्यांच्या मामींना स्तनाच्या कर्करोगात केमो दिली होती, मग इथे नाही म्हणजे काहीतरी कमी पडतंय. मावशींचं म्हणणं नेमकं उलट. "पिशवी काढली ना? ग्रंथी पण चांगल्या आल्या. मग शेक कशाला?"

मावशींचा प्रश्न जास्त योग्य होता, आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. नेदरलँड्समधल्या पोर्टेक-१ चाचणीत साधारण अशाच रुग्णांचे दोन गट होते: ऑपरेशननंतर एकाला बाहेरून शेक, दुसऱ्याला काहीच नाही. पाच वर्षांत योनीत किंवा ओटीपोटात रोग परतला तो शेक न घेतलेल्या शंभरांत १४ जणींमध्ये आणि घेतलेल्या शंभरांत ४ जणींमध्ये. एकूण आयुष्यमानात मात्र ठोस फरक दिसला नाही. रोग परतला तो बहुतेक योनीच्या वरच्या टोकाला, म्हणजे ऑपरेशनच्या टाक्यांपाशी. आधी शेक घेतलेला नसेल तर तिथला रोग बऱ्याचदा पुन्हा बराही होतो. म्हणजे मावशी "नको" म्हणाल्या असत्या तरी तो वेडेपणा ठरला नसता, फक्त नियमित तपासणीला कडक राहावं लागलं असतं.

रोग परतायचाच तर टाक्यांपाशी परततो, मग तेवढ्याच जागेला आतून शेक दिला तर? पोर्टेक-२ ने हेच तपासलं. वय ६० च्या वर, शिरकाव निम्म्याहून जास्त, ग्रेड १ किंवा २: मावशी जणू त्याच चाचणीतल्या. पाच वर्षांत योनीत रोग परतण्याचं प्रमाण बाहेरच्या शेकानंतर १.६ टक्के आणि आतल्या शेकानंतर, म्हणजे ब्रॅकीथेरपीनंतर, १.८ टक्के. जुलाबाचा त्रास आतल्या शेकात कितीतरी कमी.

केमोबद्दल मुलाला सांगितलं की ती शरीरभर फिरणाऱ्या पेशींसाठी असते. ग्रंथी मोकळ्या, पी५३ सामान्य, ग्रेड ३ नाही. अशा रुग्णाला केमोने फायदा होतो असं दिसलेलं नाही, हाता-पायांची बधिरता मात्र खरी असते आणि मधुमेहात ती जास्तच जाचते. हे पटायला त्याला दुसरी भेट लागली. मावशींना आकडे पटले, आणि त्याहून जास्त पटलं ते "तीनच वेळा यायचं" हे.

प्रत्यक्ष उपचार

ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यात शेक सुरू झाला. टाके भरून यायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधी सिलिंडर, म्हणजे आतून शेक देण्यासाठी योनीत ठेवायची नळी, घातला तर जखम उकलू शकते. बारा आठवड्यांच्या पुढे रेंगाळणंही बरं नाही. दर वेळी ७ ग्रे एवढी किरणांची मात्रा, योनीच्या पृष्ठभागापासून ५ मिलिमीटर खोलीवर, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. सिलिंडर योनीला नीट चिकटून बसेल अशा मापाचा निवडावा लागतो, कारण मध्ये हवेची फट राहिली तर तिथे मात्रा कमी पोचते. मावशींना ३ सेंटिमीटर व्यासाचा बसला. भूल नाही, प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा. मशीनमधला किरणोत्सर्गी स्रोत काम झालं की परत जातो, त्यामुळे घरी नातवाला जवळ घ्यायला काहीच हरकत नव्हती. सुनेने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

हाच रिपोर्ट थोडा वेगळा असता तर

ग्रेड २ च, पण शिरकाव ४० टक्के असता तर मावशींना ऑपरेशननंतर कोणतेच उपचार लागले नसते. ग्रेड ३ आणि शिरकाव निम्म्याच्या आत असता तर आतलाच शेक पुरला असता. ग्रेड ३ आणि शिरकाव निम्म्याच्या पुढे, किंवा रोग गर्भाशयाच्या तोंडाच्या गाभ्यात, किंवा एलव्हीएसआय मोठ्या प्रमाणात, यातलं काहीही असतं तर बाहेरून ओटीपोटाला शेक आणि काही वेळा सोबत केमो असा विचार झाला असता. ग्रंथीत रोग सापडला असता, किंवा प्रकार सिरस नावाचा, जास्त आक्रमक असून भिंतीत शिरला असता, तर केमो आणि शेक दोन्ही. पी५३ बिघडलेला आणि भिंतीत शिरकाव असता, तर ग्रेड काहीही असो, बोर्डाने केमोकडेच कल दिला असता. म्हणून "पहिली स्टेज आहे, घाबरू नका" एवढ्याने उपचार ठरत नाहीत.

परिणाम

पावणेदोन वर्षं झाली. रोग परतलेला नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, त्यात लक्षणं विचारणं आणि आतून तपासणं हेच मुख्य. दर वेळी स्कॅन करत नाही. पुन्हा लाल गेलं, ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखलं, एका पायाला अचानक सूज आली तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे सुनेच्या मोबाइलवर लिहून दिलं आहे.

डाव्या पायाला मात्र संध्याकाळी थोडी सूज येते, बागेत दिवसभर उभं राहिलं की जास्त. डाव्या ग्रंथी काढल्याची ही किंमत. स्टॉकिंग्ज आणि व्यायामाने ती ताब्यात आहे. योनीचा वरचा भाग थोडा आखडला आहे. डायलेटर वापरायला सांगितलं होतं, ते त्या लाजून वापरत नव्हत्या. "या वयात हे कशाला?" यावर नर्सताईंनी सांगितलं की मार्ग बंद झाला तर पुढची तपासणीच करता येणार नाही. हे कारण मिळाल्यावर वापर सुरू झाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रक्तस्रावापासून तुकडा घेण्यापर्यंत तीन महिने गेले. पाळी गेल्यावर एकदाही लाल गेलं तर गोळीआधी सोनोग्राफी आणि अस्तराची तपासणी, हा क्रम गावपातळीवर पाळला गेला असता तर त्यातले दोन महिने तरी वाचले असते.

एमएमआर आणि पी५३ या तपासण्या पिपेलच्या नमुन्यावरच करून घेता आल्या असत्या. त्या अंतिम रिपोर्टसोबत झाल्या. पी५३ बिघडलेला निघाला असता तर ऑपरेशनचा आराखडाच आधी बदलला असता. पोल जनुकात बदल आहे का, ही तपासणी केली नाही. तो बदल असलेला रोग सहसा परतत नाही. तो बदल सापडला असता तर आतला शेकही टाळण्याचा विचार झाला असता, पण त्या तपासणीचा खर्च आणि वाट पाहण्याचे दिवस तीन छोट्या बैठकींपुढे मोठे वाटले. तरुण रुग्ण आणि ग्रेड ३ असता तर ती मी नक्की मागितली असती.

पिशवी पॅथॉलॉजीला पाठवतानाच्या फॉर्मवर आमच्याकडे आता चार रकाने छापलेले आहेत: शिरकाव किती मिलिमीटर, त्या जागी भिंत किती मिलिमीटर, एलव्हीएसआय किती वाहिन्यांत, गर्भाशयाच्या तोंडाच्या गाभ्यात रोग आहे की नाही. एखादा रकाना रिकामा आला तर रिपोर्ट बोर्डापुढे ठेवण्याआधी लॅबला फोन जातो.